डावी नाकपुडी

आमच्या ह्यांना ठुशी आणि चिंचपेटी यांतला फरक लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळत नाही. 'गळ्यातलं' आणि 'कानातलं' या दोन खात्यांत त्यांनी समस्त सोनं बसवून टाकलेलं आहे. एरवी याने कुणाचं काही बिघडलं नसतं. उलट सराफाकडे जायची वेळ आली की हे अज्ञान ते मुद्दाम जपतात, असा मला संशय आहे. पण हे पोर्ट्रेट काढतात. कोल्हापुरात, तैलरंगात, गिऱ्हाइकाने दिलेल्या फोटोंवरून. आणि कोल्हापुरातलं गिऱ्हाईक आईच्या नाकाबद्दल एक वेळ तडजोड करील, नाकातल्या नथीबद्दल करणार नाही.

म्हणून चित्र घराबाहेर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातं. मला ब्रश धरता येत नाही. हे तपासनिसाच्या कामाला फार पोषक आहे. ज्याला स्वतःला काढता येतं तो दुसऱ्याच्या अडचणी समजून घेतो.

मागे एका घरून आजींच्या अमृतमहोत्सवाचं काम आलं. दीड फूट बाय दोन फूट, छातीपर्यंत, हसरा चेहरा आणि अंगावर सगळे दागिने. 'सगळे' हा शब्द थोरल्या चिरंजीवांनी दोनदा उच्चारला. सोबत तीन फोटो. एक १९७० च्या सुमाराचा, स्टुडिओतला, कृष्णधवल. त्यात आजी नव्या नवरी आणि भेदरलेल्या. दुसरा थोरल्यांच्या लग्नातला, त्यात आजी वरमाई आणि बाकीचे भेदरलेले. तिसरा नातवाने दिवाळीत काढलेला सेल्फी, नातवाचा अर्धा चेहरा कापून पाठवलेला. चेहरा आत्ताचा हवा, दागिने लग्नातले हवेत आणि तेज नव्या नवरीचं हवं. तीन आजींची मिळून एक आजी करायची होती.

हे कामाला लागले आणि यथावकाश मला हाक आली. हाक आली की मी हात पुसून आधी आरसा घेते. चित्राकडे पाठ करून उभी राहते आणि खांद्यावरून आरशात चित्र बघते. ही माझी युक्ती नव्हे, लिओनार्दो दा विंची आपल्या शिष्यांना हेच सांगायचा. कारण साधं आहे. चित्रकार एकाच चेहऱ्यासमोर इतका वेळ बसलेला असतो की एक डोळा खाली घसरलेला असला तरी नजरेला त्याची सवय होते. आरशात बाजू उलटल्या की ती सवय मोडते आणि इतका वेळ नीट वाटणारा जबडा एकदम शेजारच्या घरी निघाल्यासारखा दिसायला लागतो. हल्ली फोनवर फोटो काढून तो उलटाही करता येतो, पण आरसा बरा. त्यात मागे उभ्या असलेल्या ह्यांचा चेहराही दिसतो आणि चूक कुठे आहे ते मला आधी तिथेच कळतं.

आता इथे नवशिका तपासनीस फसतो. आरशात काही वाकडं दिसलं की तो लगेच बोट दाखवतो. पण माणसाचा चेहरा मुळात वाकडाच असतो. एक भुवई वर असते, नाक किंचित कलतं, हसताना ओठाचा एक कोपरा दुसऱ्याच्या आधी निघतो. हे सगळं पुसून दोन्ही बाजू सारख्या केल्या तर सुबक चेहरा तयार होतो, पण तो कोणाचाच नसतो. म्हणून मी फोटोही आरशात बघते. फोटो आणि चित्र दोन्ही आरशात सारखेच वाकडे दिसले, तर तो वाकडेपणा आजींचा. त्याला हात लावायचा नाही. फोटोत नाही आणि चित्रातच आहे, तर तो ह्यांचा. पोर्ट्रेट तपासण्याचं निम्मं शास्त्र एवढंच आहे.

त्या दिवशी मी चित्र आरशात बघितलं. सेल्फी आरशात बघितला. दोन्ही तंतोतंत जुळत होते. आजींची उजवी भुवई वर, उजव्या गालावर तीळ, हसू उजवीकडे जास्त. हे विजयी मुद्रेने उभे होते. मग मी सहज लग्नातला फोटो हातात घेतला. त्यात तीळ डाव्या गालावर होता.

"तीळ फिरतो का हो?" मी विचारलं.

"वयाप्रमाणे थोडं खाली येतं सगळं," हे म्हणाले.

"खाली येईल. पलीकडच्या गालावर कसा जाईल?"

मी सेल्फी मोठा करून बघितला. आजींच्या मागे भिंतीवर कालनिर्णय होतं आणि त्यातले आकडे उलटे होते. पदर उजव्या खांद्यावर. नथ उजव्या नाकपुडीत. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात माणूस स्वतःला आरशातल्यासारखा बघतो आणि काही फोनांत फोटो तसाच उलटा साठवला जातो. नातवाचा फोन त्यातला निघाला. ह्यांनी सेल्फी बघितला तेव्हा नथ उजवीकडे दिसली होतीच. पण नथ डावीकडे घालतात आणि पदर डाव्या खांद्यावरून येतो, हे मी इतक्या वर्षांत त्यांच्याकडून घोकून घेतलेलं होतं. त्यामुळे माझं ऐकणाऱ्या नवऱ्याप्रमाणे त्यांनी नथ उचलून डावीकडे ठेवली, पदर डावीकडे घेतला आणि चेहरा मात्र होता तसा उलटाच काढला. दागिने सुलटे, आजी उलट्या!

ही चूक भयंकर का, तर ती दिसत नाही. नथ उजवीकडे असती तर पहिल्या पाहुण्याने ओरडून सांगितलं असतं. इथे बोट ठेवायला जागाच नाही. डोळे आजींचे, नाक आजींचं, तीळसुद्धा आजींचाच. तरी घरातला प्रत्येक जण समोर उभा राहून म्हणणार, 'छान आहे... पण आई वाटत नाही.' आणि चित्रकाराचं उरलेलं बिल त्या 'पण'मध्ये अडकणार. तेव्हा नियम असा, की फोटो हाती आल्याबरोबर चेहऱ्याकडे बघायच्या आधी तो सुलटा आहे की नाही ते बघावं. बाईचा पदर, नाकातली नथ. पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी, खिसा, घड्याळाचा हात. मागची पाटी, कॅलेंडर. यांतलं काहीच नसेल तर दुसऱ्या फोटोतला तीळ गाठावा.

ह्यांनी एक शब्द न बोलता पॅलेट नाइफ उचलला आणि ओला चेहरा खरवडून काढला. रात्री जेवताना मीठ कमी आहे एवढंच म्हणाले. मीठ बरोबर होतं.

सुलट्या आजी तयार झाल्यावर मी कानांकडे वळले. कानाकडे गिऱ्हाईक सुरुवातीला बघत नाही. चित्र भिंतीवर लागलं की मग रोज बघतं. डोकं सरळ असेल तर कानाचा वरचा काठ साधारण भुवईच्या आणि पाळी नाकाच्या खालच्या टोकाच्या रेषेत येते. मान खाली घातली की समोरून कान वर सरकलेले दिसतात, हनुवटी उचलली की खाली जातात. आणि मान कलती असेल तर दोन डोळ्यांची रेषा, दोन कानांची रेषा आणि ओठांच्या कोपऱ्यांची रेषा साधारण एकाच दिशेने कलते. मी दोरा घेते आणि चित्रासमोर ताणून धरते. आजींचे डोळे एका बाजूला कलले होते आणि कान मात्र शाळेच्या कवायतीतल्यासारखे सरळ उभे होते. म्हणजे मान कलती होती ती फक्त चेहऱ्यापुरती.

त्याहून गंमत पुढे होती. सेल्फी फार जवळून घेतलेला असतो. इतक्या जवळून नाक पुढे येतं आणि कान मागे पडून लहान दिसतात. आजींचा एक कान तर नातवाबरोबरच कापला गेला होता. मग तो ह्यांनी कुठून आणला? १९७० च्या फोटोतून. परिणामी आजींचा डावा कान पंचाहत्तर वर्षांचा होता, पाळी लांब, कुडीच्या वजनाने भोक ओघळलेलं. आणि उजवा कान विशीतला, टवटवीत, नुकताच टोचलेला. मी म्हटलं, "या कानाने आजींना सगळं ऐकू येत असेल आणि त्या कानाने नाही."

कान दोन्हीकडे सारखे करा असं मात्र मी सांगितलं नाही. दोन्ही सारखे नसतातच. पण दोन्ही एकाच वयाचे असतात.

कानातल्यांची भानगड वेगळी. कुडी पाळीला चिकटून बसते, त्यामुळे कान कलला की कुडीही कलते. लोंबतं कानातलं मात्र डोकं कितीही कलू दे, सरळ जमिनीकडे लोंबतं. एका बाजूला ते मानेला टेकतं, दुसऱ्या बाजूला गालापासून सुटतं. चित्रकार एका बाजूचं काढतो आणि दुसऱ्या बाजूला तेच उलटवून ठेवतो, तिथे गुरुत्वाकर्षणाशी भांडण होतं. आजींच्या कानात कुड्या होत्या म्हणून न्यूटन वाचला. पण एका कुडीत मधल्या मोत्याभोवती पाच मोती होते आणि दुसरीत आठ. सारख्या आकाराचे मोती एका मोत्याभोवती चिकटून बसवले तर बरोब्बर सहाच मावतात. पाटावर सात रुपये मांडून बघा. पाच ठेवले तर फट राहते, सातवा भोवती बसतच नाही. मी ह्यांच्यासमोर नाणी मांडली. हे म्हणाले, "लांबून कोण मोजतंय?" मी म्हटलं, "धाकटी सून." कारण त्या कुड्या पुढे तिला मिळायच्या होत्या.

साजाचं प्रकरण असंच. आजींचा साज एकवीस पानांचा, असं थोरल्या वहिनींनी फोनवर बजावलं होतं. एकवीस म्हणजे एकवीस, ह्यांनी चित्रात मोजून एकवीस पानं काढली. मोजणी चोख होती. पण डाव्या बाजूला साज पदराखाली गेलेला होता आणि दोन्हीकडून मानेमागेही जात होता. सगळी एकवीस पानं समोरच मांडली, तर पदराखाली काय, नुसती तार? दिसत असतील तेवढीच काढायची. उरलेली पदराखाली आहेत, असा विश्वास बघणाऱ्याला वाटला पाहिजे. शिवाय पानं नुसती सोन्याची टिकली टिकली नसतात. चंद्र, शंख, मासा, कासव अशी एकेकाला ओळख असते आणि मधे जावमणी असतात. लांबून सगळं काढायची गरज नाही, पण मधल्या तीन-चार पानांत मासा मासा वाटला पाहिजे. ह्यांनी तिथे ब्रशचे सुरेख मुक्त फटकारे मारले होते. कलासमीक्षक असता तर डोलला असता. वहिनींनी सोनाराकडे तक्रार नेली असती.

एक खूण मात्र मी कुठल्याही चित्रात बघते, मग दागिना असो वा नसो: उजेड. डोळ्यातला पांढरा ठिपका डाव्या अंगाला असेल, तर मोत्यावरची चमकही त्याच अंगाला हवी, मण्यावरचीही, नाकाची सावली विरुद्ध बाजूला. तीन फोटो जोडून केलेल्या चित्रात प्रत्येक दागिना आपापला उजेड बरोबर घेऊन येतो. चेहरा दिवाळीच्या ट्यूबलाइटखाली, साज मांडवातल्या उन्हात आणि नथ स्टुडिओच्या दिव्यात. आजींच्या नथीतल्या मोत्यांवर चमक उजवीकडून होती आणि गालावर उजेड डावीकडून. मी काही बोलायच्या आत ह्यांनी ब्रश उचलला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी प्रगती आहे.

राहिले दात.

सार्जंट नावाचा एक नामांकित पोर्ट्रेट चित्रकार होऊन गेला. लंडनची बडी मंडळी त्याच्याकडून चित्र काढून घ्यायला धडपडत. ज्या चित्रात तोंडाशी काहीतरी थोडं बिघडलेलं असतं त्याला पोर्ट्रेट म्हणतात, अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या नावावर सांगतात. १९०७ च्या सुमाराला त्याने पोर्ट्रेटची कामं घेणं जवळजवळ बंदच केलं. तो कशाला वैतागला असेल, ते आमच्या घरी कुणालाही विचारा.

दात काढताना चित्रकाराचा घात ओळखीने होतो. दात बत्तीस, पांढरे, वेगवेगळे, हे त्याला ठाऊक असतं आणि तो डोळ्यांना दिसतं ते सोडून ठाऊक असलेलं काढतो. प्रत्येक दोन दातांमध्ये एक काळी रेघ मारली, की हसणाऱ्या आजींच्या तोंडात पेटीच्या पट्ट्या बसतात. खरं म्हणजे हसताना बहुधा वरचेच सहा-आठ दात दिसतात. मधले दोन मोठे, त्यांच्या बाजूचे जरा लहान, मग सुळे आणि त्यापुढे गालाच्या सावलीत सगळं विरून जातं. रेघा हव्यात त्या दातांच्या टोकांशी, तिथल्या छोट्या खाचांत, वरपर्यंत नाहीत. आणि दात पांढरे नसतात. वरच्या ओठाची सावली त्यांच्यावर असते. माझी परीक्षा सोपी: नथीचे मोती शेजारीच असतात, दात मोत्यांपेक्षा जास्त चमकले तर दात चुकले. आजींचे दात साजापेक्षाही चमकत होते.

तेवढं ह्यांनी मंद केलं. पण खरा प्रश्न रंगाचा नव्हता. लग्नातल्या फोटोत आजींच्या पुढच्या दोन दातांत ठसठशीत फट होती. सेल्फीत फट नव्हती, कारण मधल्या काळात कवळी आली होती. मी थोरल्यांना फोन लावला.

"वहिनी, फट पाहिजेच," ते म्हणाले. "आई हसली म्हंजे आधी फट दिसायची. आमाला त्या हसण्याचीच सवय."

मग धाकट्यांचा फोन आला. "ताई, फट नको. कवळीला पैसे मी घातलेत."

आत्या म्हणाल्या, तोंड मिटूनच काढा. हे म्हणाले, ते सगळ्यात उत्तम. पण तोंड मिटवणं म्हणजे नुसता पडदा ओढणं नव्हे. दात गेले की ओठ आत जातात, नाक आणि हनुवटी जवळ येतात. कवळी बसली की ते अंतर पुन्हा वाढतं. म्हणजे मिटलेल्या तोंडातही कोणते दात आहेत ते ठरवावंच लागतं. शेवटी चेहरा आत्ताचा असल्याने कवळीच ठेवली आणि मधल्या दोन दातांच्या टोकाशी खाच जराशी खोल केली. थोरल्यांना लांबून फट दिसेल आणि धाकट्यांना जवळून कवळी. दोघेही एकाच वेळी एकाच अंतरावर उभे राहिले नाहीत तर निभेल, असा आमचा हिशेब होता.

चित्र गेलं. कार्यक्रमात आम्हालाही बोलावणं होतं. पडदा सरकला आणि घरचे सगळे एका सुरात म्हणाले, "हुबेहूब!" थोरल्यांनी डोळे पुसले. धाकट्या सूनबाईंनी जवळ जाऊन कुडीचे मोती मोजले. मी ह्यांना कोपर मारलं. आजी मात्र चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "चांगलं हाय. पर ही कोण म्हनायची?"

ह्यांचा चेहरा पडला, माझा नाही. आजी जन्मभर स्वतःला आरशात बघत आल्या आहेत, आणि आरशातला तीळ उजवीकडे असतो. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोगच करून बघितला होता. बायकांना त्यांचाच फोटो सुलटा आणि उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला, तर त्यांची पसंती जास्त करून आरशातल्या रूपाला, आणि त्यांच्या जवळच्या माणसांची सुलट्या रूपाला. म्हणजे ह्यांनी खरवडून काढलेली आजी आजींना पसंत पडली असती आणि बाकी सगळ्या घराला नापसंत. पोर्ट्रेट ज्याचं असतं तो ते क्वचित बघतो. भिंतीसमोर बसून रोज चहा पिणारे वेगळेच असतात. चित्र त्यांच्यासाठी सुलटं हवं. त्यामुळे आजींची तक्रार मी आमच्या बाजूने निकाल म्हणूनच धरली.

तुम्ही कधी आईचं किंवा आजीचं चित्र करून घेणार असाल तर एवढं करा. सेल्फी देऊ नका. दुसऱ्या कुणाकडून, चार-पाच हात लांबून, खिडकीच्या उजेडात फोटो काढून घ्या आणि दोन्ही कान दिसू द्या. दागिने अंगावर नसतील तर एका साध्या कापडावर पसरून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून वेगळा फोटो द्या, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. नथ कोणत्या नाकपुडीत ते लिहून द्या, चित्रकार विवाहित असला तरी. आणि दात कोणते हवेत ते घरात बसून आधी ठरवा. त्या भांडणासाठी आमच्याकडे येऊ नका.